कमिशनरबाई, आत्या आणि एक किल्ली

'उद्या कमिशनरला भेटायला जायचंय,' असं मी फोनवर सांगितलं, तेव्हा आईचा आवाज एकदम खाली आला. 'काय केलंस गं?'

पाच मिनिटं गेली तिला समजवण्यात. मंडळी, हा कमिशनर पोलिसातला नाही, महापालिकेतलाही नाही. ओटीटी प्लॅटफॉर्मवर कुठली सीरिज बनवायची, कुठली नाही, हे ठरवणाऱ्या टीममधल्या माणसाला हल्ली कमिशनर म्हणतात. आमची कमिशनरबाई साधारण माझ्याच वयाची, जीन्समधली, समोर ब्लॅक कॉफी. मराठी 'थोडा थोडा' समजणारी. आणि तिला मला एक मराठी कौटुंबिक सीरिज विकायची होती.

तुमच्यातल्या निम्म्या लोकांच्या लॅपटॉपवर एखादी स्टोरी लपवलेली असते, हे मला तुमच्या मेल्सवरून माहितीय. 'माझ्या आजोळच्या घरावर सॉलिड वेबसीरिज होईल' हे वाक्य तर मी दर शुक्रवारी कुठल्या ना कुठल्या कॅफेत ऐकते. म्हणून या आठवड्यात माझ्या त्या पिचची गोष्ट. ती मी कशी चुकवली आणि मग कशी बांधली, हे सगळं खरंखुरं.

चौतीस पानांचं वातावरण

सुरुवातीला मी चौतीस पानं लिहिली होती. त्यात वंशावळ होती, वाड्याचं वर्णन होतं, आजीच्या फोडणीचा वास होता. पहिल्याच पानावर एक वाक्य होतं, ज्याला या धंद्यात लॉगलाइन म्हणतात. म्हणजे अख्ख्या सीरिजचं एक-दोन वाक्यांतलं सार. माझी लॉगलाइन अशी होती : 'सांगलीतल्या एका एकत्र कुटुंबाच्या तीन पिढ्यांची, बदलत्या काळात घट्ट होत आणि सैल होत जाणाऱ्या नात्यांची हळवी कहाणी.'

मला ती जाम आवडली होती.

आता प्लॅटफॉर्मवाल्यांना थेट मेल टाकून उपयोग नसतो. नेटफ्लिक्ससारखे प्लॅटफॉर्म तर जाहीरच सांगतात, की एजंट किंवा त्यांच्या ओळखीच्या निर्मात्यामार्फत न आलेलं काही आम्ही वाचत नाही. त्यामुळे मधे एक निर्मिती संस्था लागते. माझा एक दिग्दर्शक मित्र मला अशाच एका निर्मातीकडे घेऊन गेला. त्याआधी मी अंधेरीच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये कथा रजिस्टर करून ठेवली होती. तेही करा. पण लक्षात असू द्या, नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट मिळत नाही. 'वाड्यात राहणारं कुटुंब' ही कल्पना कुणाचीच नाही. तुम्ही ती जेवढी तपशिलात लिहाल, तेवढीच ती तुमची.

निर्मातीताईंनी चौतीस पानं वाचली. चष्मा काढला आणि म्हणाल्या, 'छान लिहिलंयस. पण ही गोष्ट नाही गं, हे वातावरण आहे.'

मी गप्प.

'मला सांग, तुझी कमिशनर हे वाचेल आणि मग काय करेल? ती स्वतः चेक फाडत नाही. सोमवारी तिला तिच्या वरच्या लोकांसमोर बसायचंय. त्यांच्यात मराठी येणारा एखादाच. तिथे तू नसणार, तुझी फोडणी नसणार. ती तुझी सीरिज दोन वाक्यांत सांगणार. कुठली दोन वाक्यं सांगेल ती?'

हा फंडा तुमच्या ऑफिसातही लागू पडेल असं वाटेल. पण इथे एक खास अडचण आहे. क्राइम सीरिजमध्ये पहिलंच वाक्य 'एक मुलगी बेपत्ता होते' असं असतं. ते कुणीही कुणालाही सांगू शकतं. कौटुंबिक सीरिजमध्ये तसं प्रेत नसतं. नाती सगळ्यांकडे असतात, म्हणून नात्यांचं वाक्य कानात राहत नाही.

सगळे एकाच खोलीत का?

ताईंनी मला गृहपाठ दिला. म्हणाल्या, 'कौटुंबिक गोष्टीत एकच प्रश्न विचारायचा. ही माणसं एकमेकांना कंटाळलीत, तर उठून जात का नाहीत?'

विचार करा. 'पंचायत'चा पहिला सीझन २०२० मध्ये आला. त्यातला सचिव फुलेऱ्याला कंटाळलाय, त्याला कॅट देऊन निघून जायचंय, पण नोकरी त्याला तिथेच बांधून ठेवते. जायचंय आणि जाता येत नाही, यातून प्रत्येक भाग चालतो. याला इंग्रजी पिचमध्ये एंजिन म्हणतात. माझ्या चौतीस पानांत डबे भरपूर होते, एंजिन नव्हतं.

शिवाय वाडा म्हटलं की मराठी वाचणाऱ्या प्रत्येकाला एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' आठवतं. त्याच्यापुढे माझा वाडा म्हणजे फ्लॅटच. म्हणून मी वाडा सोडला आणि खरी गोष्ट काढली. माझ्या आजोळच्या लोकांचं एक मंगल कार्यालय होतं. (गाव आणि बाकी खुणा मी बदलल्या आहेत, मामा हे मासिक वाचतात.)

मंगल कार्यालय म्हणजे तयार एंजिन! दर तारखेला नवं लग्न, नवी माणसं, नवी भांडणं. आणि कार्यालय चालवणाऱ्या कुटुंबाला आपसात बोलणं बंद असलं तरी सकाळी पाचला आचाऱ्यासमोर एकत्र उभं राहावंच लागतं. दुसरी लॉगलाइन तयार झाली : 'सांगलीतलं जुनं मंगल कार्यालय बिल्डरला विकायला निघालेल्या दोन भावांना कळतं, की बहिणीची सही लागणार आहे. आणि बहीण सही द्यायला तयार नाही.'

बहिणीची सही हा प्रकार मराठी घरांत कुणाला समजावून सांगावा लागत नाही. पण कमिशनर विचारते, 'आत्ताच का? ही गोष्ट वीस वर्षांपूर्वी का नाही?' त्याचं उत्तर माझ्याकडे होतं. २००५ च्या कायद्यातल्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क दिला. ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की त्यासाठी वडील २००५ साली हयात असण्याची गरज नाही. म्हणजे माझ्या गोष्टीतले आजोबा आधीच गेलेले असले आणि रजिस्टर वाटणी झालेली नसली, तर आत्याला वगळून व्यवहार पुढे सरकत नाही. साडीचोळी देऊन हक्कसोडपत्रावर सही घेण्याचे दिवस अगदीच संपलेले नाहीत, पण आत्या आता विचारू शकते. आत्ताच का, तर म्हणून.

आणि सांगलीच का? यासाठी ताईंची एक टेस्ट आहे. कागदावरचं गावाचं नाव खोडून दुसरं लिहायचं. काहीच बिघडलं नाही, तर तुमची गोष्ट प्रादेशिक नाही, फक्त भाषा प्रादेशिक आहे. मी सांगलीच्या जागी नाशिक लिहिलं. काहीही बिघडलं नाही! मग सुचलं. ऑगस्ट २०१९ चा महापूर. चातुर्मासात लग्नं नसतात, कार्यालय रिकामं असतं, आणि त्या रिकाम्या हॉलमध्ये कृष्णेचं पाणी शिरतं. भिंतीवर पाण्याची रेघ राहते. दर वर्षी रंग दिला तरी ओल ती रेघ परत दाखवते. थोरल्या भावानं त्या रेघेपाशी ठरवलंय, की विकून मोकळं व्हायचं. आता नाशिक लिहून बघा. चालत नाही.

पहिली मीटिंग

बीकेसीतलं काचेचं ऑफिस. अर्ध्या तासाची वेळ. आमच्याकडे बारा स्लाइड्सचं डेक होतं : लॉगलाइन, जग, पाच मुख्य पात्रं, आठ भागांचा सीझन, दिसण्याचा पोत आणि तसल्या धाटणीच्या आधीच्या सीरिज. डेक इंग्रजीत, कारण ते पुढे फिरणार. फक्त एका स्लाइडवर आत्या आणि थोरल्या भावाचे आठ संवाद मराठीत, खाली भाषांतर. तेवढं ठेवाच. भाषा कशी वाजते हे इंग्रजी परिच्छेदातून कळत नाही. माझ्या मित्रानं ते आठ संवाद मोठ्यानं वाचले, तेव्हा बाईंनी पहिल्यांदा लॅपटॉपवरून मान वर केली.

'गुल्लक' आम्ही तुलनेच्या स्लाइडवर टाकलं होतं. बाई लगेच म्हणाल्या, 'गुल्लकचे भाग छोटे, सीझनमध्ये पाचच, आणि प्रत्येक भाग जवळपास स्वतंत्र किस्सा. तुम्ही तर चाळीस मिनिटांचे आठ भाग म्हणताय. मग प्रेक्षक चौथ्या भागापर्यंत का येईल?' तुलनेसाठी नाव टाकताना 'तेही मध्यमवर्गीय, आमचंही मध्यमवर्गीय' एवढ्यावर भागत नाही, हे कळलं. ज्याचं नाव टाकता, त्याची बांधणीही तुमच्या गळ्यात येते.

मग तो प्रश्न आला, ज्याला सगळे मराठी लेखक घाबरतात. 'हे टीव्हीवर संध्याकाळी साडेसातला चाललं असतं ना?'

मी म्हणाले, 'नाही, आमची ट्रीटमेंट रिअलिस्टिक आहे.'

चूक! ट्रीटमेंटनं फरक पडत नाही. फरक बांधणीत असतो, आणि तो बाईंनीच मला समजावला. रोजच्या मालिकेत गुपित लांबवायचं असतं, कारण गोष्टीला शेवटच नको असतो. दोन दिवस चुकले तरी बघणाऱ्याला तिसऱ्या दिवशी कळलं पाहिजे, म्हणून प्रत्येक गोष्ट तीनदा सांगतात. सीरिजचा प्रेक्षक एकटा असतो, हातात फोन, अंगठा तयार. त्याच्यासाठी गुपित दुसऱ्याच भागात फुटायला हवं, आणि मग फुटल्यानंतर ही माणसं काय करतात, ते बघायचं. पहिल्या भागाच्या शेवटी कुणीतरी असा निर्णय घ्यायला हवा, जो परत फिरवता येत नाही. माझ्या पहिल्या भागाच्या शेवटी आत्या दारात उभी राहून पाणावलेल्या डोळ्यांनी हॉलकडे बघत होती. मी तो प्रसंग सांगितला नाही. डेक पुढे सरकवलं.

तरी ती अर्धी लढाई होती. खरा घाव पुढे होता.

'या आत्याला काय हवंय?' बाईंनी विचारलं.

'न्याय,' मी म्हणाले.

'बरं. न्याय कसा शूट करणार?'

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

'तिला पैसे हवेत का? वाटा? माफी? भावानं पायावर डोकं ठेवायला हवंय? मला कॅमेऱ्यापुढे ठेवता येईल अशी एक गोष्ट सांग, जी तिला पहिल्या भागात मिळत नाही आणि आठव्यात मिळते, किंवा मिळत नाही. सही न देणं हे फक्त नाही म्हणणं झालं. नायिका आठ भाग नुसतं नाही म्हणत बसू शकत नाही.'

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मीटिंग बावीस मिनिटांत संपली. 'लव्ह द वर्ल्ड. परत या,' असं म्हणाल्या. लव्ह द वर्ल्ड म्हणजे वातावरण छान आहे. निर्मातीताईंनी तेच मराठीत सांगितलं होतं.

आईला विचारलं

परतीच्या लोकलमध्ये मला एक गोष्ट कळत होती आणि ती मला नको होती. उत्तर माझ्याकडे नसलं, तरी माझ्या घरात होतं. कारण आत्या म्हणजे माझी आई. आईनं बावीस वर्षांपूर्वी मामांना सही देऊन टाकली होती. मी तेव्हा शाळेत होते. रजिस्टर ऑफिसच्या बाहेर उसाचा रस प्यायल्याचं तेवढं आठवतं. चौतीस पानांत मी आईला सही न देणारी केलं होतं, आणि तिला एकदाही विचारलं नव्हतं की, 'सही करताना तुला काय हवं होतं?'

रविवारी गेले. आई मटार सोलत होती. मीही बसले, आणि विचारलं.

'काही नको होतं गं,' ती पटकन म्हणाली. हे वाक्य आपण सगळ्यांनीच आयांकडून ऐकलंय. मी पुढे काही बोलले नाही. बऱ्याच वेळानं म्हणाली, 'कोठीची किल्ली.'

'काय?'

'कार्यालयात भांड्यांची कोठी होती. लग्न झालं की भांडी मोजून घ्यायचं काम माझं. वाट्या किती, ताम्हणं किती, पातेल्याची झाकणं किती. बाबांनी मला आठवीत असताना ती किल्ली दिलेली. लग्न ठरल्यावर वहिनीकडे गेली. बरोबरच आहे म्हणा. पण सही करायला गेले, तेव्हा मनात आलं, एक किल्ली मागावी. उघडायची नाही कधी. असावी आपली. माहेरी जाताना आधी फोन करून जावं लागू नये, एवढंच.'

'मग मागितली का नाहीस?'

'हसले असते.'

मटार संपले. मी आईला सरळ सांगितलं, की हे मला वापरायचंय. ती घाबरली. 'दादाला कळेल.' मी म्हटलं, गाव बदलते, माणसं बदलते, आत्या सही देत नाही असं दाखवते. त्यावर ती जे म्हणाली, त्यानं माझी सीरिज उभी राहिली. 'सही तर द्यावीच लागते गं, भाऊ आहेत. पण आधी चार दिवस माझ्या हातात दिलं असतं ना, दाखवलं असतं चालवून.'

तिसरी लॉगलाइन मी तिच्या स्वयंपाकघरातच फोनवर टाइप केली : 'महापुरानंतर मंगल कार्यालय विकायला निघालेल्या दोन भावांना बहिणीची सही हवी आहे. ती म्हणते, सही देते, पण त्याआधी एक लग्नसराई हे कार्यालय मी चालवणार.'

बघा काय झालं ते. आत्या आता नाही म्हणत नाही, ती हो म्हणते आणि अट घालते. तिला हवी असलेली वस्तू दिसते, खिळ्याला टांगलेली असते. घड्याळ मिळालं : तुळशीच्या लग्नापासून आषाढी एकादशीपर्यंत, बिल्डर तेवढा थांबायला तयार. आणि सगळे एकाच खोलीत का, हा प्रश्नच उरला नाही.

आठ भाग, एकेका ओळीत

मग भागांची मांडणी. इथे एक टेस्ट मी स्वतःच शोधली. आठही भाग एकेका ओळीत, वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहा. आता तिसरी आणि सहावी चिठ्ठी अदलाबदल करून बघा. काही फरक पडला नाही, तर तो सीझन नाही, किश्शांचा संग्रह आहे. माझ्या पहिल्या मांडणीत प्रत्येक भागात एक गमतीशीर लग्न होतं आणि कुठलाही भाग कुठेही चालत होता.

ते सोडवलं पंचांगानं. कार्तिक-मार्गशीर्षात तारखा असतात, आत्या जोरात असते. पहिल्या भागाच्या शेवटी ती डोळे पाणावत नाही, सगळ्यांसमोर खिळ्यावरची किल्ली काढून कमरेला खोचते. परत फिरवता न येणारा निर्णय. दुसऱ्या भागात धाकट्यानं बिल्डरकडून आधीच टोकन घेतलंय, हे गुपित फुटतं. मग पौष येतो. पौषात आपल्याकडे सहसा लग्नं करत नाहीत. चौथ्या भागात कार्यालय रिकामं, बाहेरचं कुणी नाही, फक्त घरची माणसं आणि जुन्या वह्या. त्या वह्यांत आत्याला स्वतःच्या लग्नाचा खर्च सापडतो, हॉलच्या भाड्यासकट, तिच्या नावे टाकलेला. 'लग्नात तुझा वाटा दिला' हे ती आयुष्यभर ऐकत आलीय. आता वडिलांच्या अक्षरात बघते. हा भाग मधोमधच बसतो. याच्या आधी ती चालवून दाखवत होती, याच्या नंतर ती हिशोब मागते.

आणखी एक अडचण होती, पैशाची. लग्न म्हणजे गर्दी. गर्दी म्हणजे ज्युनिअर आर्टिस्ट, कपडे, जेवण, दिवस. प्रादेशिक सीरिजला हिंदीएवढा पैसा मिळत नाही, आणि आठ भागांत आठ लग्नं वाचून कुठलाही हिशोबनीस फाइल बंद करेल. माझ्या मित्रानं तोडगा काढला. लग्न दाखवायचंच नाही! कॅमेरा कायम मागच्या बाजूला : स्वयंपाकघर, कोठी, ऑफिसची खोली, मागचं अंगण. मंगलाष्टका ऐकू येतात, 'सावधान' ऐकू येतं, अक्षतांचे दोन दाणे दाराच्या फटीतून आत येतात, आणि इकडे आत्या वाट्या मोजतेय. खर्च वाचवायला काढलेली युक्ती सीरिजची ओळख झाली. डेकमध्ये ती आम्ही 'पोत' या स्लाइडवर टाकली, बजेटच्या नाही.

दुसरी मीटिंग

तीन आठवड्यांनी परत तेच काचेचं ऑफिस. या वेळी डेक उघडण्याआधी मी सात मिनिटं नुसती बोलले. किल्लीपाशी सुरुवात, अटीपाशी थांबले. बाईंनी विचारलं, 'शेवटी ती सही करते का?'

नवखे लेखक इथे गूढ हसतात आणि 'ते बघताना कळेल' म्हणतात. मीही पूर्वी तेच केलं असतं. पण कमिशनर ही प्रेक्षक नाही. तुम्हाला शेवट माहितीय का, हेच तिला तपासायचं असतं. म्हणून सांगून टाकलं. आत्या सही करते. आषाढीच्या आदल्या दिवशी, शब्द दिल्याप्रमाणे. पण तोपर्यंत थोरल्याचं मन फिरलंय. ज्याला विकायचं होतं, तोच आता पेन खाली ठेवतो. पहिल्या सीझनचा प्रश्न होता बहीण सही देते का, त्याचं उत्तर मिळालं. दुसऱ्याचा प्रश्न आपोआप उभा राहिला, कारण धाकट्यानं टोकनचे पैसे खर्च करून टाकलेत.

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. मग आमच्याकडे न बघता, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, 'बहीण म्हणते सही देते, पण एक सीझन मी चालवणार.' माझ्या मित्रानं टेबलाखालून माझ्या पायावर पाय मारला. त्या सोमवारची रिहर्सल करत होत्या.

पुढे काय झालं? सीरिज 'डेव्हलपमेंट'मध्ये आहे. म्हणजे पहिल्या भागाची पटकथा आणि सगळ्या पात्रांचं, भागांचं सविस्तर बाड लिहायचे पैसे मिळणार. हिरवा कंदील नव्हे. डेव्हलपमेंटमध्ये गेलेल्या कितीतरी सीरिज पडद्यावर येत नाहीत, कधी कधी प्लॅटफॉर्मचं धोरणच मधे बदलतं आणि त्यात तुमच्या लिखाणाचा काही दोष नसतो. म्हणून करारात एक कलम आम्ही भांडून घातलं : ठरलेल्या मुदतीत त्यांनी बनवायचं ठरवलं नाही, तर हक्क आमच्याकडे परत. सह्या करताना हे वाचा. हक्कसोडपत्रं फक्त रजिस्टर ऑफिसातच होत नाहीत.

मानधनाचा पहिला हप्ता आला, त्या रविवारी आईकडे गेले. तिला डेक दाखवलं. इंग्रजी तिनं सोडून दिलं, मराठी संवादांची स्लाइड मात्र चष्मा लावून दोनदा वाचली. मग म्हणाली, 'वाट्या नाही मोजत गं आधी. आधी पातेली. वाट्या लोक पिशवीत टाकतात, पण पातेली आचाऱ्याबरोबर जातात.'

पटकथेत बदल केलाय.